थोड्या दारूचा हिशेब

दारूतला कर्करोगाला कारण ठरणारा घटक म्हणजे इथेनॉल, आणि तो बिअर, वाइन, व्हिस्की, फेणी, देशी या सगळ्यांत एकच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या छत्राखाली काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, १९८८ साली मद्याला पहिल्या गटातले कर्करोगकारक ठरवले. तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉस याच गटात आहेत. पहिल्या गटात असणे म्हणजे पुराव्याबद्दल शंका उरलेली नसणे. पदार्थ किती घातक आहे हे त्या गटावरून कळत नाही, त्यामुळे एक पेग आणि एक सिगारेट यांचा धोका सारखा, असा अर्थ त्यातून निघत नाही. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन या सात ठिकाणच्या कर्करोगांशी दारूचा संबंध आता पक्का झालेला आहे. स्तन आणि मोठे आतडे ही दोन नावे यादीत तुलनेने उशिरा, २००७ च्या फेरआढाव्यानंतर आली.

हे सगळे रोज भरपूर पिणाऱ्यांपुरते आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. महिन्यातून दोन-चारदा मित्रांबरोबर बसणारा, लग्नात किंवा ऑफिसच्या पार्टीत कंपनी म्हणून एखादा ग्लास घेणारा माणूस स्वतःला पिणाऱ्यांत मोजतच नाही. डॉक्टरांनी विचारले तरी ‘तसा पीत नाही, कधीतरी’ असे उत्तर मिळते. गेल्या वीसेक वर्षांतला अभ्यास नेमका याच ‘कधीतरी’बद्दल बोलतो. थोड्या दारूचा धोका थोडाच असतो, पण तो शून्य नसतो, आणि शरीराच्या वेगवेगळ्या भागांत तो वेगवेगळ्या वाटेने येतो. तोंडाची गोष्ट निराळी आहे आणि स्तनाची निराळी. दोन्ही नीट समजून घ्यायच्या तर आधी ‘थोडी’ म्हणजे किती, हे ग्रॅममध्ये पाहावे लागते.

बाटलीवर अल्कोहोलची टक्केवारी छापलेली असते. ती आकारमानाची असते. मिलिलिटरमधले पेय गुणिले ती टक्केवारी केली की शुद्ध अल्कोहोल किती मिलिलिटर ते कळते, आणि त्याला ०.७९ ने गुणले की ग्रॅम मिळतात. भारतात मिळणाऱ्या व्हिस्की-रममध्ये बहुधा ४२.८ टक्के अल्कोहोल असते. म्हणजे ३० मिलिलिटरच्या स्मॉल पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम, साठच्या लार्जमध्ये २० आणि १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम अल्कोहोल जाते. बारा टक्क्यांच्या वाइनचा दीडशे मिलिलिटरचा ग्लास १४ ग्रॅमचा होतो. बिअर मात्र सगळ्यांत फसवी आहे. ती सौम्य मानली जाते, पण पाच टक्क्यांच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण २५ ग्रॅम अल्कोहोल असते, आणि आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची तेवढीच बाटली ४० ग्रॅमच्या वर जाते. ‘मी फक्त एक बिअर घेतो’ म्हणणारा माणूस चार स्मॉल पेग घेणाऱ्याच्या बरोबरीने पीत असू शकतो. घरी ओतलेला पेग मापाने क्वचितच ओतलेला असतो, हेही यात धरावे लागते.

अभ्यासांमध्ये सहसा आठवड्याची बेरीज करून तिला सातने भागतात आणि ‘दिवसाला इतके ग्रॅम’ असा आकडा काढतात. दिवसाला दहा-बारा ग्रॅमपर्यंत पिणे ‘अल्प’ धरले जाते. शनिवारी रात्री तीन लार्ज पेग घेऊन बाकी सहा दिवस दारूला हात न लावणारा माणूस दिवसाला साडेआठ ग्रॅमवर येतो, म्हणजे कागदावर तो अल्पच पिणारा ठरतो.

पोटात गेलेल्या इथेनॉलचे शरीर दोन टप्प्यांत विघटन करते. पहिल्या टप्प्यात त्याचे अ‍ॅसिटाल्डिहाइड बनते आणि दुसऱ्यात त्या अ‍ॅसिटाल्डिहाइडचे निरुपद्रवी अ‍ॅसिटेट. खरा उपद्रवी आहे तो मधला पदार्थ. अ‍ॅसिटाल्डिहाइड पेशीतल्या डीएनएला चिकटते आणि त्याचे धागे एकमेकांना नको तिथे जोडून टाकते. पेशी ही मोडतोड दुरुस्त करत असतात, पण प्रत्येक दुरुस्ती बिनचूक होत नाही. चुकीची दुरुस्ती नेमकी पेशीच्या वाढीवर लगाम ठेवणाऱ्या जनुकात झाली, तर ती पेशी कर्करोगाच्या दिशेने एक पाऊल पुढे सरकते. असा प्रत्येक फेरफार योगायोगाचा असतो, आणि अमुक ग्रॅमच्या खाली तो घडतच नाही असा उंबरठा आजवर सापडलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने जानेवारी २०२३ मध्ये, कर्करोगाचा विचार करता दारूचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण सांगता येत नाही, असे जाहीर केले, त्याच्या मागे हे कारण आहे.

बहुतेक विघटन यकृतात होते. तोंडात मात्र काही वेगळेच घडते, आणि थोड्या दारूचा विचार करताना ते जाणून घेण्यासारखे आहे. तोंडात राहणारे अनेक जिवाणू इथेनॉलचे अ‍ॅसिटाल्डिहाइड करण्यात तरबेज असतात, पण पुढचा टप्पा, म्हणजे त्याचे अ‍ॅसिटेट करणे, त्यांना फारसा जमत नाही. तोंडाच्या अस्तरातल्या पेशींचीही ती क्षमता कमी असते. परिणामी लाळेत अ‍ॅसिटाल्डिहाइड साठत जाते आणि त्याचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा दहा ते शंभर पट वाढू शकते. फिनलंडमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांनी कडक मद्याचा एक लहानसा घोट पाच सेकंद तोंडात धरला आणि थुंकून टाकला. पोटात काहीच गेले नाही, तरी त्यानंतर निदान दहा मिनिटे त्यांच्या लाळेत जनुकांना इजा करू शकेल एवढे अ‍ॅसिटाल्डिहाइड सापडत राहिले. पार्टीत माणूस एक ग्लास तासभर पुरवतो, मधूनमधून चकणा खातो आणि घोट घेत राहतो. हळू प्यायल्याने नशा कमी चढते हे खरे, पण तोंडाच्या अस्तराला प्रत्येक घोट नव्याने सोसावा लागतो. दात किडलेले असतील, हिरड्या खराब असतील किंवा माणूस धूम्रपान करत असेल, तर तोंडातल्या जिवाणूंचा समतोल बदललेला असतो आणि हेच अ‍ॅसिटाल्डिहाइड आणखी जास्त तयार होते.

भारतासाठी हा विषय तातडीचा आहे, कारण भारतीय पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग हाच सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग आहे. आपल्याकडे तो बहुधा गालाच्या आतल्या बाजूला होतो, जिथे तंबाखूची गोळी, मावा किंवा गुटखा दाबून ठेवला जातो. त्यामुळे दोष तंबाखूच्या माथी जातो, आणि तो जायलाच हवा. पण त्याच्या सावलीत दारूची भूमिका फार काळ झाकली गेली. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर इथल्या कर्करोग रोगपरिस्थिती विज्ञान केंद्रातील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वेगळी काढण्याचा प्रयत्न केला. त्यांचा अभ्यास २०२५ च्या अखेरीस बीएमजे ग्लोबल हेल्थ या नियतकालिकात आला. २०१० ते २०२१ या काळात त्यांनी गालाच्या अस्तराचा कर्करोग झालेले १,८०३ रुग्ण आणि हा आजार नसलेल्या १,९०३ व्यक्ती निवडल्या. प्रत्येकाला दारूचा प्रकार, प्रमाण, किती वर्षे आणि किती वेळा, हे तपशिलात विचारले, आणि तंबाखूचेही तसेच सगळे विचारले. विदेशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बिअर-व्हिस्कीपासून वेगवेगळ्या राज्यांतल्या गावठी दारूपर्यंत सगळ्यांची नोंद घेतली.

न पिणाऱ्यांच्या तुलनेत पिणाऱ्यांमध्ये हा कर्करोग होण्याची शक्यता ६८ टक्क्यांनी जास्त दिसली. स्थानिक, गावठी दारू पिणाऱ्यांमध्ये ती ८७ टक्क्यांनी जास्त होती. दिवसाला सरासरी नऊ ग्रॅम, म्हणजे एक स्मॉल पेगसुद्धा नाही, एवढ्या प्रमाणालाही जोखीम सुमारे पन्नास टक्क्यांनी वाढलेली आढळली. दिवसाला दोन ग्रॅमपेक्षा कमी बिअरचे अल्कोहोल, म्हणजे महिन्याला दोन-तीन बाटल्या, एवढ्यावरही वाढ दिसली. दारू आणि तंबाखू एकत्र आल्यावर जोखीम चौपटीच्या पुढे गेली, आणि देशातल्या या कर्करोगाच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे बासष्ट रुग्णांमागे ही जोडी असावी, असा अंदाज संशोधकांनी मांडला.

जोडीचा परिणाम दोघांच्या बेरजेपेक्षा मोठा का होतो, याचे एक कारण तोंडाच्या अस्तरातच आहे. इथेनॉल हे द्रावक आहे. अस्तराच्या पेशींमधला स्निग्ध भाग त्याच्यामुळे सैल होतो आणि एरवी वरच्यावर अडणारे पदार्थ आत झिरपू लागतात. तंबाखूतली कर्करोगकारक रसायने अशा वेळी खोलवरच्या, सतत विभागणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचतात. एरवी सिगारेट न ओढणारे कितीतरी लोक ‘फक्त बसल्यावर’ दोन-तीन ओढतात, किंवा पिऊन झाल्यावर वास लपवायला तंबाखूचे पान किंवा मसाला तोंडात टाकतात. अस्तर सर्वांत जास्त झिरपते असते, त्याच वेळी त्यावर तंबाखू येऊन पडते. कधीतरी पिणाऱ्याच्या तोंडाला असलेला धोका समजायचा, तर ही संध्याकाळ डोळ्यांसमोर आणावी.

इथे पुराव्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. तंबाखूला आयुष्यात कधीच न शिवलेल्या आणि अगदी थोडी पिणाऱ्या माणसाच्या तोंडाच्या कर्करोगाबद्दल सगळे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत. जगभरचे जुने अभ्यास एकत्र करून २०१३ मध्ये झालेल्या विश्लेषणात दिवसाला एक पेयापर्यंत पिणाऱ्यांत तोंड आणि घशाच्या कर्करोगाची जोखीम सतरा टक्क्यांनी जास्त निघाली. ब्रिटनमधल्या सुमारे तेरा लाख स्त्रियांच्या पाहणीत मात्र दारूमुळे तोंड-घशाच्या कर्करोगात झालेली वाढ धूम्रपान करणाऱ्यांतच दिसली. अशा पाहण्यांत माणसे स्वतःची दारू कमी करून सांगतात, हीदेखील अडचण असते. खरे प्रमाण जास्त आणि सांगितलेले कमी असेल, तर कमी प्रमाणाचा धोका आहे त्याहून मोठा भासतो. टाटा केंद्राच्या अभ्यासाला ही अडचण लागू आहेच, शिवाय आजारी माणूस आपल्या सवयी निरोग्यापेक्षा वेगळ्या रीतीने आठवतो. अल्कोहोल तोंडाच्या पेशींना इजा करते, हे प्रयोगशाळेत आणि लाळेत दिसते. तंबाखू न खाणाऱ्या, महिन्याला दोन पेग घेणाऱ्या माणसाची जोखीम नेमकी किती टक्क्यांनी वाढते, हा आकडा मात्र अजून तितका घट्ट नाही.

स्तनाच्या कर्करोगाबाबत ही शंका राहत नाही. तिथे तंबाखूचा गुंता जवळपास नसतो. सिगारेट कधीच न ओढलेल्या स्त्रियांमध्येही थोड्या दारूने जोखीम वाढलेली दिसते, आणि ती एकामागून एका देशात, एकामागून एका अभ्यासात दिसत आलेली आहे.

इथली मुख्य वाट हार्मोनची आहे. स्तनाच्या बऱ्याच कर्करोगांना वाढीसाठी इस्ट्रोजेन लागते, आणि आयुष्यभरात शरीरात जितके इस्ट्रोजेन फिरते तितकी ही जोखीम वाढते. म्हणूनच लवकर पाळी येणे आणि उशिरा जाणे या दोन्ही गोष्टी जोखमीच्या मानल्या जातात. दारूमुळे रक्तातले इस्ट्रोजेन वाढते, हे केवळ निरीक्षणातून आलेले अनुमान नाही. अमेरिकेतल्या एका प्रयोगात पाळी गेलेल्या ५१ स्त्रियांना नियंत्रित आहारावर ठेवले गेले. आठ आठवडे रोज दारू नाही, आठ आठवडे रोज १५ ग्रॅम आणि आठ आठवडे रोज ३० ग्रॅम, अशा तिन्ही टप्प्यांतून प्रत्येक स्त्री गेली. दोन टप्प्यांच्या मध्ये काही आठवड्यांची विश्रांती होती. स्त्रीची तुलना तिच्या स्वतःशीच असल्यामुळे वय, वजन, घराणे, आहार यांचा फरक आड येत नव्हता. १५ ग्रॅमच्या टप्प्यात रक्तातल्या इस्ट्रोन सल्फेट या इस्ट्रोजेनच्या साठ्याची पातळी साडेसात टक्क्यांनी वाढली, ३० ग्रॅमच्या टप्प्यात सुमारे अकरा टक्क्यांनी. हे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. पंधरा ग्रॅम म्हणजे वाइनचा एक ग्लास. पाळी सुरू असलेल्या स्त्रियांवरच्या आधीच्या एका लहान प्रयोगातही, रोज ३० ग्रॅमवर, इस्ट्रोजेन वाढलेले दिसले होते.

याच्या जोडीला अ‍ॅसिटाल्डिहाइडची मोडतोड आहेच. शिवाय दारूमुळे शरीरातल्या फोलेटचे शोषण आणि वापर बिघडतो. हिरव्या पालेभाज्यांतून मिळणारे हे जीवनसत्त्व डीएनए घडवायला आणि दुरुस्त करायला लागते. एका बाजूने मोडतोड वाढते आणि दुसऱ्या बाजूने दुरुस्तीचे सामान कमी पडते.

ब्रिटनमधल्या ज्या पाहणीचा वर उल्लेख आला, ती ‘मिलियन विमेन स्टडी’ म्हणून ओळखली जाते. तिचे दारूबद्दलचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. त्यातल्या बहुतेक स्त्रिया बेताने पिणाऱ्या होत्या. दिवसाला आणखी एक पेय, म्हणजे साधारण दहा ग्रॅम, पिणाऱ्या एक हजार स्त्रियांमागे वयाच्या पंचाहत्तरीपर्यंत स्तनाच्या कर्करोगाच्या अकरा जादा रुग्ण होतील, असा हिशेब त्यातून निघाला. फक्त वाइन पिणाऱ्या आणि इतर मद्य पिणाऱ्या स्त्रियांमध्ये फरक आढळला नाही. अमेरिकेतल्या एक लाखावर परिचारिकांच्या दीर्घकाळच्या पाहणीत २०११ मध्ये याहूनही खालच्या पायरीचे उत्तर मिळाले. आठवड्याला तीन ते सहा पेये, म्हणजे दिवसाला पाच ते दहा ग्रॅम, एवढ्या प्रमाणालाही स्तनाच्या कर्करोगाची जोखीम पंधरा टक्क्यांनी जास्त होती.

वय हाही मुद्दा आहे. पहिली पाळी येण्यापासून पहिल्या गर्भारपणापर्यंत स्तनातल्या पेशी वेगाने वाढत असतात आणि पूर्ण घडलेल्या नसतात, म्हणून त्या इजेला जास्त बळी पडतात. परिचारिकांच्याच दुसऱ्या एका पाहणीत या काळातल्या दारूचा वेगळा हिशेब केला असता, दिवसाला दर दहा ग्रॅममागे जोखीम अकरा टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि नंतरच्या वयातली दारू वजा धरल्यावरही ती टिकली. शिक्षण आणि नोकरीमुळे पहिले मूल तिशीनंतर होणे आता शहरांत सर्रास आहे. याच वर्षांत मुली नोकरीच्या वर्तुळात पहिल्यांदा दारू घेऊ लागतात. म्हणजे हा नाजूक काळ लांबत चालला आहे आणि त्यातले पिणेही वाढते आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या एक टक्क्याहून कमी स्त्रियांनी दारू घेत असल्याचे सांगितले. गोव्यात हे प्रमाण पाच टक्क्यांच्या वर होते. आकडा आज लहान आहे म्हणून त्याबद्दल आत्ताच स्पष्ट बोलणे सोयीचे आहे.

एका स्त्रीचे उदाहरण घेऊन हे आकडे मांडून पाहता येतील. पुण्यात राहणारी, चाळिशीतली, सिगारेट न ओढणारी, घराण्यात स्तनाचा कर्करोग नसलेली अशी एक काल्पनिक स्त्री धरू. ती शुक्रवारी आणि शनिवारी वाइनचे दोन-दोन ग्लास घेते. चार ग्लासांचे ५७ ग्रॅम होतात. सातने भागले की दिवसाला आठ ग्रॅम. परिचारिकांच्या पाहणीत पंधरा टक्के वाढ दिसली ती याच टप्प्यात. पण पंधरा टक्के कशाचे, हा प्रश्न बहुतेक बातम्या गाळतात आणि तिथेच घबराट किंवा बेफिकिरी यांपैकी एक उरते. भारतात साधारण २८ स्त्रियांपैकी एकीला आयुष्यात स्तनाचा कर्करोग होतो असे धरतात, म्हणजे हजारात सुमारे छत्तीस. त्यावर पंधरा टक्के वाढ म्हणजे हजारात एक्केचाळीस. तिच्यासारख्या एक हजार स्त्रियांनी आयुष्यभर एवढी वाइन घेतली, तर त्यांच्यापैकी पाचएक जणींना असा कर्करोग होईल जो एरवी झाला नसता. उरलेल्या नऊशे पंच्याण्णव जणींच्या बाबतीत त्या वाइनमुळे काही फरक पडणार नाही. त्या पाच कोण, हे आधी ओळखण्याचा मार्ग नाही.

या हिशेबात एक गृहीतक आहे: अमेरिकी स्त्रियांतली टक्केवारी भारतीय स्त्रियांना जशीच्या तशी लावली आहे. आपल्या स्त्रियांमध्ये पिणाऱ्यांचे प्रमाणच इतके कमी आहे, की इथल्या पाहणीतून वेगळा आकडा काढणे अवघड जाते. शहरी, उशिरा मूल झालेल्या, पाळी गेल्यानंतर वजन वाढलेल्या स्त्रीची मूळ जोखीम सरासरीहून जास्त असते, म्हणून तिच्यासाठी ते पाच सहा-सात होतील. आई किंवा बहिणीला हा आजार झालेला असेल तर मूळ आकडाच मोठा असतो, आणि मोठ्या आकड्याचे पंधरा टक्केही मोठेच असतात. अशा स्त्रीने थोड्या दारूचा प्रश्न इतरांपेक्षा अधिक गांभीर्याने घेतलेला बरा.

देशच्या देश एकत्र पाहिले की लहान जोखमीचे वजन कळते. २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ७ लाख ४१ हजार नवे कर्करोग दारूमुळे झाले, असा आयएआरसीच्या संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतले बहुसंख्य भरपूर पिणाऱ्यांमध्ये होते, तरीही एक लाखाहून अधिक रुग्ण दिवसाला वीस ग्रॅमच्या आत पिणाऱ्यांमधले होते. बेताने पिणाऱ्यांची संख्याच प्रचंड असल्यामुळे प्रत्येकाची जोखीम लहान असूनही बेरीज एवढी होते.

थोडी दारू हृदयाला चांगली असते, विशेषतः रेड वाइन, हे अनेकांनी वर्षानुवर्षे ऐकलेले असते. त्या जुन्या अभ्यासांत न पिणाऱ्यांच्या गटात असे बरेच लोक होते ज्यांनी आजारपणामुळे दारू सोडलेली होती. त्यांच्याशी तुलना केल्यावर बेताने पिणारे आपोआप निरोगी दिसत. ही चूक काढून टाकल्यावर तो फायदा बराचसा विरून जातो. कर्करोगाच्या बाबतीत तर असा फायदा कधी दिसलाच नव्हता. द्राक्षाच्या सालीतल्या रेस्व्हेराट्रॉलबद्दल पुष्कळ लिहिले जाते, पण वाइनच्या ग्लासात ते अत्यल्प असते आणि इथेनॉल १४ ग्रॅम असते. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हाच्या वादात वाइन म्हणजे दारू नव्हेच, असा युक्तिवाद जाहीरपणे केला गेला. द्राक्ष बागायतदारांचा प्रश्न खरा आहे आणि तो त्याच्या जागी सोडवायला हवा; स्तनाच्या पेशीला मात्र इथेनॉल नाशिकच्या द्राक्षांतून आले की मळीतून, हे कळत नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली राज्यात दारू पिण्याचा परवाना मिळतो, त्यातही आरोग्य राखण्यासाठी असा उल्लेख चालत आला आहे. ती शब्दयोजना आता बदलायला हवी. बाटलीवरच्या इशाऱ्याचेही तेच. भारतात २०१९ पासून मद्यपान आरोग्याला अपायकारक असल्याचा आणि पिऊन गाडी न चालवण्याचा इशारा सक्तीचा आहे, पण त्यात कर्करोगाचे नाव नाही. आयर्लंडने २०२३ मध्ये ते नाव लेबलवर आणण्याचा नियम केला आणि पुढे त्याची अंमलबजावणी २०२८ पर्यंत लांबवली.

पिणाऱ्याने, मग तो कितीही कमी पीत असो, आरशासमोर उभे राहून महिन्यातून एकदा तोंड तपासावे. गालाच्या आतल्या बाजू, जिभेच्या कडा आणि खालचा भाग, हिरड्यांच्या मागची जागा उजेडात पाहावी. पुसून न निघणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेले तोंडातले व्रण, तोंड पूर्वीएवढे न उघडणे किंवा मानेत आलेली गाठ, यांपैकी काहीही दिसले तर दंतवैद्याकडे किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त काळजीचा असतो. यांतले बहुतेक बदल सुरुवातीला दुखत नाहीत, म्हणून दुखण्याची वाट पाहणे चुकीचे ठरते. स्तनात नवी गाठ, त्वचेला पडलेली खळी, आत ओढले गेलेले स्तनाग्र किंवा त्यातून रक्ताळ स्राव दिसल्यास वय कोणतेही असो, लगेच दाखवावे. डॉक्टरांनी दारूबद्दल विचारले तर ‘कधीतरी’ म्हणण्याऐवजी आठवड्याला किती पेग किंवा किती बाटल्या, आणि त्याबरोबर सिगारेट-तंबाखू असते का, हे सांगावे. त्या दोन वाक्यांवरून तोंड किती बारकाईने आणि किती वेळा तपासायचे हे ठरते.

दारू कमी केल्याने किंवा सोडल्याने जोखीम उतरते का, याचा आढावा आयएआरसीच्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये घेतला. तोंड आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाबाबत ती उतरते, असा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला. स्वरयंत्र, मोठे आतडे आणि स्तन यांच्याबाबत पुरावा त्याच दिशेने जाणारा, पण अजून मर्यादित आहे. लाळेतले अ‍ॅसिटाल्डिहाइड दारू थांबली की लगेच उतरते. आधीच झालेले जनुकीय बदल मात्र राहतात, म्हणून जोखीम खाली यायला वर्षे लागतात आणि ती न पिणाऱ्याच्या पातळीवर किती लवकर येईल हे किती वर्षे आणि किती प्यायली गेली यावर ठरते. तंबाखू आणि दारू दोन्ही घेणाऱ्या माणसाने तोंडाच्या दृष्टीने आधी तंबाखू सोडावी, आणि तोपर्यंत निदान एकाच संध्याकाळी दोन्ही एकत्र येऊ देऊ नयेत.